गरज ते रकम: अक्षरं हलवता येणारी शब्दशिडी

महिनाअखेरीस सगळ्यांनाच पडणारा प्रश्न आहे: 'गरज'पासून 'रकम'पर्यंत कसं पोचायचं? इथे तो फक्त अक्षरांचा आहे, म्हणून निदान सुटतो तरी.

शब्दशिडी बहुतेकांनी खेळलेली असते. एक शब्द वर, एक खाली. दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि दर पायरीवर खरा शब्द उभा राहायला हवा. नगर, नजर, गजर: दोन पायऱ्या झाल्या. याच खेळात आणखी एका चालीला परवानगी दिली, म्हणजे अक्षरं तीच ठेवून त्यांच्या जागा बदलायच्या, तर काय होतं ते या लेखात पाहू. पहिल्या चालीला मी 'बदल' म्हणतो आणि दुसरीला 'फेरमांडणी'. इंग्रजी कोडी सोडवणारे दुसरीला अ‍ॅनाग्राम म्हणतात.

मूळ खेळ ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसन यांचा. जग त्यांना लुईस कॅरोल या नावाने ओळखतं. 1877च्या नाताळात, करायला काही नाही म्हणून कंटाळलेल्या दोन मुलींसाठी त्यांनी तो तयार केला आणि 1879मध्ये 'व्हॅनिटी फेअर' या साप्ताहिकात 'डब्लेट्स' या नावाने तो छापून येऊ लागला. त्यांच्या नियमांत फेरमांडणीला स्पष्ट बंदी होती: अक्षरांनी आपापसात जागा बदलायच्या नाहीत, प्रत्येकाने आपली जागा धरून राहायचं. गंमत म्हणजे पुढे कॅरोल यांनीच ही बंदी सैल करून एक कोडं घातलं. त्याकडे शेवटी येऊ.

आधी अक्षर म्हणजे काय ते ठरवा

मराठीत खेळताना सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. माझा नियम असा: एक अक्षर म्हणजे एक सोंगटी. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जे काही त्या अक्षराला चिकटलेलं असेल ते त्याच सोंगटीवर कोरलेलं आहे असं धरायचं. जोडाक्षरही एकच सोंगटी. सोंगटी हलली की तिच्यावरचं सगळं तिच्याबरोबर हलतं.

या नियमाने 'काजळ'चं 'जळका' होतं, कारण दोन्हीकडे का, ज, ळ याच तीन सोंगट्या आहेत. 'वापर'चं 'परवा' होतं. पण माझ्या भाचीने एकदा टाळी वाजवून जाहीर केलं होतं, "मामा, नवऱ्याचा वानर होतो!" ते मात्र होत नाही. 'नवरा'त न, व, रा आहेत आणि 'वानर'मध्ये वा, न, र. काना एका अक्षरावरून उचलून दुसऱ्यावर टाकला आहे. तिची आई अजून त्या निकालावर नाराज आहे, पण नियम म्हणजे नियम. 'जागर' आणि 'गजरा' याच कारणाने बाद.

संगणकावर शब्दांची यादी चाळणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. संगणक काना हे स्वतंत्र चिन्ह म्हणून साठवतो, त्यामुळे पायथनमध्ये खालची ओळ चालवली तर उत्तर `True` येतं आणि भाची जिंकते:

```
sorted("वानर") == sorted("नवरा")
```

म्हणून शब्द आधी सोंगट्यांमध्ये तोडायचा आणि मगच तुलना करायची. नवख्यांनी मात्र पहिले काही दिवस काना-मात्रा नसलेले तीन अक्षरी शब्दच घ्यावेत. पहिलीच्या पुस्तकातले कमळ, गवत, दगड, बदक. ते सोपे म्हणून नव्हे, तर त्यांना शेजारी भरपूर मिळतात म्हणून. पुढची सगळी उदाहरणं त्यातलीच आहेत.

जागा अडवतात कशा

नगर ते गरज. दोन्ही शब्दांत ग आहे, र आहे. फक्त न जाऊन ज यायला हवा. म्हणजे एका अक्षराचं काम, असं वाटतं. नुसत्या बदलाने जाऊन बघा. मला लागलेली शिडी ही:

नगर, मगर, मखर, बखर, बहर, कहर, कदर, सदर, सफर, सफल, सकल, सकळ, सरळ, गरळ, गरज

चौदा पायऱ्या. कोणाला दोन-चार कमीत जमेलही, पण शिडीची जात तीच राहील. तिच्यात र चं काय होतं ते नीट पाहा. 'नगर'मधला र शेवटच्या जागी आहे आणि 'गरज'मध्ये तो मधे हवा आहे. बदलाच्या खेळात अक्षर सरकत नाही. मग शेवटच्या जागेवरचा र सोडून द्यावा लागतो, तो 'सफर'चं 'सफल' करताना गेला. नंतर मधल्या जागी दुसरा र आणावा लागतो, तो 'सकळ'चं 'सरळ' करताना आला. ग चंही तसंच. मधला ग दुसऱ्याच पायरीला गेला आणि पहिल्या जागेवरचा ग तेराव्या पायरीला आला. दोन्ही शब्दांत सामाईक असलेली अक्षरं इथे काडीच्या उपयोगाची नाहीत, कारण ती चुकीच्या खुर्चीवर बसली आहेत.

आता फेरमांडणीला परवानगी द्या:

नगर, मगर, गरम, गरज

तीन पायऱ्या. न चा म, मग 'मगर'ची उलथापालथ करून 'गरम', मग म चा ज. दुसरा रस्ताही तेवढाच आहे: नगर, नजर, गजर, गरज. इथे फेरमांडणी शेवटी येते. चौदाच्या जागी तीन, तेही दोन वेगळ्या वाटांनी.

तीन वेगवेगळी अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात. म्हणजे हातातला शब्द सोडून पाचच नव्या मांडण्या, आणि त्यातल्या बहुतेक निरर्थक. उलट बदलाला तीन जागा आणि प्रत्येक जागी तीस-पस्तीस अक्षरं, म्हणजे शंभराच्या आसपास शक्यता तपासायला मिळतात. मग पाच शक्यतांची चाल एवढी भारी का ठरते? कारण बदलाने तुम्ही त्याच मोहल्ल्यात शेजारच्या घरी जाता. नगर, नजर, मगर या सगळ्यांच्या शेवटी र आहे. फेरमांडणी तुम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरवते, जिथे र मधे असलेल्या शब्दांची वस्ती आहे: गरम, नरम, शरम, सरळ, फरक, धरण.

एकटे शब्द

दुसरा फायदा याहून मोठा आहे. काही शब्दांना बदलाने शेजारीच नसतो. डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाने इंग्रजीतल्या पाच अक्षरी 5,757 शब्दांची यादी घेऊन तपासलं, तेव्हा त्यातले 671 शब्द असे निघाले की त्यांच्यापासून एकही पायरी टाकता येत नाही. त्यांना त्याने 'अलूफ' म्हटलं, म्हणजे फटकून राहणारे. तो शब्द स्वतःही त्याच 671मध्ये आहे.

आपला 'रकम' असाच. कुठलंही एक अक्षर बदलून पाहा. 'रहम' सुचेल, पण तो मी मराठीत धरत नाही. बाकी काही हाती लागत नाही. जुन्या नियमांनी 'रकम'पर्यंत पोचणं अशक्य. फेरमांडणीला मात्र तीच तीन अक्षरं 'मकर' आणि 'कमर' अशी दोन दारं उघडून देतात. 'कमर'ला कसर, कदर, कहर, कबर, कमळ, कमल असे शेजारी आहेत आणि 'मकर'ला मगर, मखर. काही न करता 'रकम'च्या आसपास आठ घरं वसली.

तेव्हा फेरमांडणीच्या शिडीत एकेका शब्दाचा विचार करू नका, कुटुंबाचा करा. कमर, मकर, रकम हे एक कुटुंब. त्यातल्या एकाच्या दारात पोचलात की एका पायरीत कोणाच्याही खोलीत जाता येतं.

वही कशी आखायची

हे डोक्यात ठेवणं अवघड जातं, म्हणून वहीच्या पानाला डावीकडे समास सोडा. शब्द सुचला की त्याची अक्षरं वर्णक्रमाने लावून समासात लिहा आणि उजवीकडे शब्द लिहा. 'रकम' आला की समासात 'क म र'. पुढे कधीतरी 'कमर' सुचेल, तेव्हाही खूण 'क म र'च येईल आणि तो आपोआप त्याच ओळीत बसेल. माझ्या पानावरच्या काही ओळी:

क म र: कमर, मकर, रकम
क म ल: कमल, कलम
ग ज र: गजर, गरज
ग ड द: दगड, गडद
ग म र: गरम, मगर
द न म: मदन, दमन
द न स: सदन, सनद
न न म: नमन, मनन
न व स: नवस, वसन
न व ह: वहन, हवन

समासातल्या खुणांचा आणखी एक उपयोग आहे. 'ग म र' आणि 'क म र' या दोन खुणांमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे, म्हणजे त्या दोन कुटुंबांत सोयरीक जुळण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणतो, खात्री नाही. मगर आणि मकर यांच्यात जागा जुळतात, म्हणून तिथे पूल आहे. 'ग ज र' आणि 'ग म र' यांच्यात गरज आणि गरम जुळतात. पण गजर आणि मगर यांच्यात थेट काही नाही.

गरज ते रकम, हात धरून

पहिलं काम: दोन्ही शब्दांची अक्षरं समोरासमोर मांडा. एकीकडे ग, र, ज. दुसरीकडे र, क, म. सामाईक फक्त र. म्हणजे दोन अक्षरं नवी आणावीच लागणार, तेव्हा कमीत कमी दोन बदल ठरलेले. हा हिशोब सुरुवातीलाच केला की नंतर सुटलेली शिडी अजून कमी होईल का, हे कळतं.

दुसरं: जे टोक जास्त अडचणीचं, तिथून सुरुवात करा. इथे ते 'रकम' आहे. त्याला बदलाने शेजारी नाही, तेव्हा शेवटची पायरी फेरमांडणीच असणार आणि शेवटून दुसरा शब्द 'कमर' किंवा 'मकर' असणार. वरच्या टोकापासून सुरुवात करणारे नवखे इथेच तास घालवतात. 'गरज'पासून गरळ, सरळ, सरस असे सुखाने भटकत जातात आणि 'रकम' कुठेच दिसत नाही.

तिसरं: वरून एक-दोन पावलं टाका. 'गरज'पासून बदलाने गरम आणि गरळ, फेरमांडणीने गजर. हवं असलेलं अक्षर आणणारा यांतला कोण? 'गरम', कारण त्याने म आणला. त्याचं कुटुंब समासात बघा: मगर. आता खालून आलेला 'मकर' आणि वरून आलेला 'मगर' समोरासमोर उभे आहेत आणि मधे फक्त ग आणि क चा फरक.

गरज, गरम, मगर, मकर, रकम

बदल, फेरमांडणी, बदल, फेरमांडणी. चार पायऱ्या. तीनमध्ये जमेल का? शेवटची पायरी फेरमांडणी हे ठरलंय. मग पहिल्या दोन पायऱ्यांत 'गरज'चं 'मकर' किंवा 'कमर' व्हायला हवं. फेरमांडणी न करता ते होत नाही, कारण दोघांशीही तिन्ही जागांवर फरक आहे. आणि दोनातली एक पायरी फेरमांडणीला दिली तर बदल एकच उरतो आणि अक्षरं दोन आणायची आहेत. तेव्हा चारपेक्षा कमी नाही.

हे मी एकदा ठामपणे सांगितलं, तेव्हा समोर बसलेल्या एका आजींनी शांतपणे विचारलं, "आणि करम?" खेड्यात 'कर्म'ला 'करम' म्हणतात. तो शब्द धरला तर गरज, गरम, करम, रकम: तीन पायऱ्या. माझ्या तर्कात चूक नव्हती, यादीत शब्द कमी होता. 'कमर', 'मकर'च्या कुटुंबात चौथा सदस्य आला की सगळा हिशोब बदलतो. म्हणून खेळाआधी कोश ठरवा. मोल्सवर्थचा किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घेतलात तर असे कितीतरी शब्द मिळतात आणि शिड्या आखूड होतात, पण निम्मे शब्द कोणालाच माहीत नसतात. मी घरात साधा नियम ठेवतो: खेळणाऱ्यांपैकी दोघांनी तरी तो शब्द बोलताना वापरला असला पाहिजे. आजी त्यामुळे एका मताने हरल्या.

चुका कुठे होतात

सगळ्यात सर्रास होणारी चूक म्हणजे एका पायरीत दोन्ही चाली उरकणं. 'गरज'नंतर लगेच 'मगर' लिहिणं. नुसतं बघून चूक कळत नाही, कारण अक्षर एकच बदललेलं दिसतं. तपासायला बोट ठेवा: वरच्या आणि खालच्या शब्दात दोन जागा जशाच्या तशा जुळल्या तर तो बदल. अक्षरं सगळी तीच असतील तर फेरमांडणी. दोन्ही नसेल तर पायरी बाद. काही जण ही जोडचाल मुद्दाम मान्य करतात. मला ते पटत नाही. तसं केलं तर 'गरज'हून 'मगर' आणि 'मगर'हून थेट 'रकम', दोन पायऱ्यांत खेळ खलास. जागेचं बंधन पूर्ण सुटतं आणि शिडीत अडकण्यासारखं काही उरतच नाही.

दुसरी चूक नियमबाह्य नाही, नुसती उधळपट्टी आहे: लागोपाठ दोन फेरमांडण्या. कमर, मकर, रकम असं लिहिणारा एक पायरी वाया घालवतो, कारण 'कमर'हून थेट 'रकम'ला जाता येतं. तुमच्या शिडीत दोन फेरमांडण्या एकमेकींना चिकटून आल्या तर मधला शब्द डोळे झाकून खोडा.

कॅरोल यांचं लोखंड

आता ते राहिलेलं कोडं. लोखंडाचं शिसं करायचं: इंग्रजी 'आयर्न'पासून 'लेड'पर्यंत, दोन्ही चार अक्षरी. रोजच्या शब्दांत 'आयर्न'ला बदलाने एकच शेजारी आहे, 'आयकॉन', आणि त्याच्यापुढे रस्ता बंद. म्हणूनच कॅरोल यांनी इथे फेरमांडणीची मुभा दिली. त्यांची शिडी: आयर्न, आयकॉन, कॉइन, कॉर्न, कॉर्ड, लॉर्ड, लोड, लेड. उच्चार विसरा आणि इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहा, मग दिसेल की 'आयकॉन'ची पहिली तीन अक्षरं हलवून 'कॉइन' झालंय. सगळ्या शिडीत फेरमांडणी एवढी एकच, पण तिच्याशिवाय बेटावरून सुटका नव्हती. पायऱ्या सात.

वर सांगितलेला हिशोब इथे लावा. दोन शब्दांत सामाईक अक्षर एकही नाही, म्हणजे चार बदल अटळ. 'आयकॉन'वरून जायचं तर सी हे फुकटचं अक्षर आत येतं, तो पाचवा बदल. आणि 'आयकॉन'वरून बाहेर पडायला एक फेरमांडणी. एकूण सहा. मग कॅरोल यांच्या सात पायऱ्यांत एक जास्तीची कुठे आहे? 'कॉर्न'साठी त्यांनी आर आणला, तोही पुढे टाकून द्यावा लागला. 'कॉइन'नंतर सी काढून थेट एल बसवा: कॉइन, लॉइन, लोन, लोड, लेड. आयर्नपासून मोजलं तर सहा.

हात बसायला एक कोडं: 'कलम'पासून 'मगर'. चार पायऱ्या, त्यात दोन फेरमांडण्या. समासातल्या तीन ओळी पुरतात. आणि आजींसारखा 'करम' धरणार असाल, तर तीनच पायऱ्यांत सोडवून दाखवा.